निवडून, धुऊन, चिरून: मराठी वाक्यातली ‘ऊन’ची साखळी

‘मेथीची जुडी निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, बारीक चिरून घ्यावी.’ पाककृतीतले हे साधे वाक्य आहे. त्यात निवडणे, धुणे आणि चिरणे अशी तीन कामे आहेत, पण विधान एकच आहे. शाळेतल्या व्याकरणात अशा वाक्याला केवलवाक्य म्हणतात. हीच कामे ‘मेथी निवडावी आणि धुवावी आणि चिरावी’ अशी मांडली, तर तीन स्वतंत्र विधाने होतात आणि वाक्य संयुक्त ठरते. अनेक क्रिया एका विधानात बसवण्याचे काम क्रियापदाला लागणारा ‘ऊन’ हा प्रत्यय करतो. व्याकरणात या रूपाला पूर्वकालवाचक धातुसाधित म्हणतात, कारण ते बहुधा मुख्य क्रियेच्या आधी घडलेली क्रिया सांगते. हे रूप अव्यय आहे. कर्ता पुरुष असो वा स्त्री, एक असो वा अनेक, ‘निवडून’ हे ‘निवडून’च राहते.

रूप तयार करण्याची रीत सोपी आहे. ‘णे’ काढल्यावर उरणाऱ्या धातूला ‘ऊन’ जोडायचा. कर-करून, बस-बसून, वाच-वाचून. धातू स्वरान्त असेल तर ‘ऊन’ वेगळा दिसतो: जा-जाऊन, खा-खाऊन, घे-घेऊन, पी-पिऊन, धू-धुऊन. धातूच्या शेवटी मुळातच ‘व’ असेल तर तो टिकतो: ठेव-ठेवून, धाव-धावून, जेव-जेवून. लिहिताना सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘जावून’, ‘घेवून’ आणि ‘ठेऊन’ ही तिन्ही रूपे प्रमाण लेखनात चुकीची आहेत. शंका आली तर आज्ञार्थ आठवावा. ‘तू ठेव’ म्हणताना ‘व’ ऐकू येतो, म्हणून ‘ठेवून’. ‘तू घे’ म्हणताना तो ऐकू येत नाही, म्हणून ‘घेऊन’. दुसरी नेहमीची चूक ऱ्हस्व ‘रु’ची. शेवटचे अक्षर अकारान्त असल्याने त्याच्या आधीचा उकार दीर्घ लिहायचा, त्यामुळे ‘करुन’ नव्हे, ‘करून’.

या प्रत्ययाचा माग महाराष्ट्री प्राकृतापर्यंत जातो. संस्कृतात ‘कृत्वा’, ‘श्रुत्वा’ म्हणत, तिथे महाराष्ट्रीत ‘काऊण’, ‘सोऊण’ अशी रूपे होती. मात्र प्राकृतातला ‘ण’ मराठीत सहसा ‘ण’च राहतो, जसा तो ‘पाणी’ आणि ‘लोणी’ या शब्दांत आहे. त्यामुळे ‘ऊण’चा सरळ ‘ऊन’ झाला, एवढेच म्हणून भागत नाही. जुन्या मराठीत या जागी ‘करूनि’, ‘करूनियां’, ‘म्हणौनि’ अशी लांब रूपे दिसतात, आणि आजचा ‘ऊन’ त्यांच्या जवळचा आहे. ग्रामीण बोलींत आजही ‘करूनशान’, ‘जाऊनशान’ अशी लांबवलेली रूपे ऐकू येतात.

‘ऊन’ लागल्यावर क्रियापद काय काय गमावते, हे पाहिले की साखळीचे तंत्र उलगडते. ‘जाऊन’ एवढेच ऐकून कोण गेले, केव्हा गेले, गेलेच की अजून जायचे आहे, यातले काहीच कळत नाही. काळ, पुरुष, लिंग, वचन, आज्ञा, विनंती, शक्यता, हे सारे ओझे वाक्यातल्या शेवटच्या क्रियापदावर असते. ‘बाजारात जाऊन भाजी आणतो’, ‘बाजारात जाऊन भाजी आण’, ‘बाजारात जाऊन भाजी आणली असती’ ही वाक्ये घ्या. तिन्हींत ‘जाऊन’ तेच आहे, पण पहिल्यात जाणे ठरले आहे, दुसऱ्यात ते सांगितले आहे आणि तिसऱ्यात ते घडलेलेच नाही. मराठी ऐकणारा माणूस शेवटच्या शब्दापर्यंत सगळ्या क्रिया मनात धरून ठेवतो आणि शेवटचे क्रियापद कानावर पडताच त्यांना एकदम काळ देतो.

शेवटच्या क्रियापदाची ही सत्ता कर्त्यापर्यंत पोहोचते, आणि तिथे ती सर्वांत स्पष्ट दिसते. भूतकाळात ‘आणणे’ या सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘ने’ लागतो: ‘मीनाने भाजी आणली’. ‘जाणे’ अकर्मक आहे, म्हणून ‘मीना बाजारात गेली’. आता दोन्ही क्रिया एका वाक्यात आणू. ‘मीनाने बाजारात जाऊन भाजी आणली.’ इथे मीनाला लगेच चिकटलेली क्रिया ‘जाणे’ आहे, तरी तिला ‘ने’ लागला, कारण वाक्य ‘आणली’वर संपते. क्रम उलटा करू: ‘मीना भाजी आणून पुन्हा बाहेर गेली.’ आता ‘आणणे’ असूनही ‘ने’ नाही, कारण वाक्य ‘गेली’वर संपते. मधल्या ऊनान्त रूपांना कर्त्याची विभक्ती ठरवण्याचा अधिकार नाही.

घाईत लिहिलेल्या मजकुरात नेमकी हीच गाठ सुटते. ‘चोरट्याने खिडकीची काच फोडून पळून गेला’ असे वाक्य लिहिणाऱ्याने ‘फोडणे’ हे सकर्मक क्रियापद मनात धरून ‘ने’ लावलेला असतो, आणि वाक्य संपेपर्यंत तो ते विसरलेला असतो. ‘चोरटा खिडकीची काच फोडून पळून गेला’ हे शुद्ध रूप. लांब वाक्यात ही चूक चटकन दिसत नाही. ती शोधायची तर मधली सगळी ऊनान्त पदे झाकून फक्त कर्ता आणि शेवटचे क्रियापद वाचावे. ‘चोरट्याने गेला’ कानाला लगेच खटकते.

नावात ‘पूर्वकालवाचक’ असले तरी ‘ऊन’ प्रत्येक वेळी ‘आधी हे, मग ते’ एवढेच सांगत नाही. ‘ती डोळे मिटून गाणे ऐकते’ यात डोळे मिटणे आधी घडले हे खरे, पण गाणे ऐकताना ते मिटलेलेच आहेत. ‘चष्मा लावून वाचते’, ‘भिंतीला टेकून उभा आहे’, ‘नऊवारी नेसून आली’ यांतही तेच. ज्या क्रियेतून काही काळ टिकणारी स्थिती निर्माण होते, तिला ‘ऊन’ लागला की ती स्थिती पुढच्या क्रियेच्या सोबत चालू राहते. म्हणूनच ‘बसून लिहितो’ म्हणजे आधी बसतो, मग उठून लिहितो, असे कोणी समजत नाही. काही वेळा ‘ऊन’ साधन दाखवतो, जसे ‘दगड मारून आंबे पाडले’. काही वेळा तो कारण दाखवतो, जसे ‘दमून झोपला’. त्याच्या पुढे ‘ही’ आला तर अर्थ विरोधाचा होतो: ‘इतके सांगूनही ऐकले नाही’. प्रत्यय तोच राहतो, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे दोन क्रियांच्या नात्यावरून ऐकणारा ठरवतो. ‘त’ लागलेले रूप मात्र वेगळे आहे. ‘हसत म्हणाला’ यात बोलताना हसू चालू आहे. ‘हसून म्हणाला’ यात हसू आधी उमटले आणि त्या हसऱ्या चेहऱ्याने शब्द आले.

आता साखळीचा मुख्य नियम. ऊनान्त क्रिया आणि शेवटची क्रिया यांचा कर्ता एक असावा लागतो. पाककृतीत या नियमाचे पालन फार नेमके होते, म्हणून मेथीच्या भाजीकडे परत जायला हवे. ‘मेथी निवडून, धुऊन, चिरून घ्यावी. कढईत तेल तापवून मोहरीची फोडणी करावी. लसूण ठेचून आणि मिरच्या मोडून फोडणीत घालाव्यात. लसूण तांबूस झाला की मेथी घालून परतावी. पाणी आटले की दाण्याचे कूट घालावे आणि झाकण ठेवून वाफ काढावी.’

या परिच्छेदात निवडणारी, तापवणारी, ठेचणारी व्यक्ती कुठेच उल्लेखलेली नाही, पण ती एकच आहे, आणि तिच्या हातची सगळी पूर्वतयारी ‘ऊन’ने सांगितली आहे. पण जिथे पदार्थ स्वतः काही करतो, तिथे रूप बदलते. लसूण तांबूस होतो, पाणी आटते. या क्रिया स्वयंपाक करणाऱ्याच्या नाहीत, म्हणून तिथे ‘झाला की’, ‘आटले की’ आले. ‘लसूण तांबूस होऊन मेथी घालावी’ असे कोणी लिहीत नाही. लिहिले तर मेथी लसूण घालतो आहे की काय, असे वाटेल. हाताने करायच्या कृतीला ‘ऊन’ आणि आपोआप होणाऱ्या बदलाला ‘की’ किंवा ‘पर्यंत’, ही वाटणी कोणत्याही चांगल्या पाककृतीत सापडते. ती लिहिणाऱ्यांना कुणी शिकवलेली नसते.

याच परिच्छेदातून आणखी एक गोष्ट कळते. कर्ता एक असावा लागतो, पण कर्म एक असण्याची गरज नाही. पहिल्या वाक्यात तिन्ही क्रियांचे कर्म मेथीच आहे, म्हणून ते एकदाच सांगून भागले. ‘लसूण ठेचून मेथी परतावी’ यात कर्मे दोन झाली, तरी ‘परतावी’चे स्त्रीलिंग मेथीमुळे आहे, लसणाचा तिथे संबंध नाही. क्रम उलटवला तर ‘मेथी चिरून लसूण ठेचावा’ असे पुल्लिंगी रूप येईल. विभक्तीप्रमाणे लिंगाचा मेळही शेवटच्याच क्रियापदाशी बसतो.

एका कर्त्याच्या नियमाला अपवाद आहेत, आणि ते मन लावून पाहण्यासारखे आहेत. ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले.’ पडणारा पाऊस, ओले होणारे रस्ते. कर्ते दोन आहेत, तरी वाक्य शुद्ध आहे. ‘आग लागून घर जळाले’, ‘ट्रक उलटून तिघे जखमी झाले’ ही वाक्येही शुद्ध आहेत. पण ‘वडील ओरडून मुलगा रडला’ मात्र कानाला बोचते; तिथे ‘ओरडल्यामुळे’ हवे. ‘पाहुणे येऊन आम्ही जेवलो’ हेही चालत नाही, ‘आल्यावर’ हवे. फरक हेतूचा आहे. पाऊस, आग आणि उलटणारा ट्रक ठरवून काही करत नाहीत, आणि ओले होणे, जळणे, जखमी होणे हेही कुणी ठरवून केलेले नाही. एक घटना घडली आणि तिच्या पोटातून दुसरी आली. दोन्ही टोकांना इच्छा नसेल आणि कार्यकारणाचा धागा घट्ट असेल, तर मराठी दोन कर्ते मान्य करते. इच्छेने वागणारी दोन वेगळी माणसे मात्र ‘ऊन’ने एकत्र बांधता येत नाहीत.

दुसरा अपवाद वरवरचा आहे. ‘ती बातमी ऐकून मला आनंद झाला’ या वाक्याचा व्याकरणातला कर्ता ‘आनंद’, पण बातमी आनंदाने ऐकलेली नाही. ऐकणारा आणि आनंद अनुभवणारा माणूस एकच आहे, फक्त तो ‘मला’ या रूपात आहे. ‘बसून बसून पाय दुखायला लागले’ यात बसणारा माणूस आहे आणि दुखणारे पाय त्याचेच आहेत. म्हणजे नियम नुसत्या व्याकरणातल्या कर्त्यावर चालत नाही. वाक्य ज्या माणसाबद्दल बोलते तो दोन्ही क्रियांत एक असला की पुरते. सरकारी भाषेतली ‘अर्ज तपासून निकाल कळवण्यात येईल’ ही रचना याच कारणाने चालते. कर्ता दिसत नाही, पण तपासणारे आणि कळवणारे कार्यालय एकच असते. ‘घरी पोहोचून फोन वाजला’ हे वाक्य मात्र टिकत नाही. फोन पोहोचलेला नाही आणि पोहोचलेल्या माणसाचा वाक्यात कुठे मागमूस नाही. तिथे ‘पोहोचल्यावर’ हेच रूप हवे.

‘लग्न होऊन दहा वर्षे झाली’ ही रचना वेगळी ठेवावी लागते. तिथे ‘ऊन’ पुढच्या कृतीकडे नेत नाही, काळ मोजायला कुठून सुरुवात करायची ते सांगतो. ‘पाहुणे येऊन चार दिवस झाले’ हेही तसेच.

‘ऊन’चा सर्वांत नाजूक भाग नकारात आहे. ऊनान्त रूपाला स्वतःचा नकार ‘नाही’ लावून करता येत नाही. ‘न खाऊन’ असे रूप मराठीत नाही. त्या जागी ‘न खाता’ येते. ‘खाऊन गेला’च्या उलट ‘न खाता गेला’. मग ‘नाही’ शेवटच्या क्रियापदाला लागला, तर तो साखळीतल्या कोणत्या कडीला लागतो? ‘तो जेवून गेला नाही’ हे वाक्य घरातल्या माणसाच्या तोंडी आले, तर बहुधा तो गेलेला असतो, फक्त जेवलेला नसतो. नकार व्याकरणाने ‘गेला’ला लागला आहे, पण अर्थाने तो ‘जेवून’वर जाऊन बसला आहे. उलट ‘गोळी घेऊन बरे वाटले नाही’ यात गोळी घेतलेली आहे, नाकारले आहे ते फक्त बरे वाटणे. ऊनान्त क्रिया ही वाक्यातली नवी माहिती असेल तर नकार तिच्याकडे ओढला जातो, आणि ती आधीपासून ठाऊक असेल तर तो शेवटच्या क्रियेवर थांबतो. बोलताना आवाजाचा जोर हा फरक दाखवतो. लिहिताना तो आधार नसतो. म्हणून ‘त्याने विचारून पुस्तक नेले नाही’ असे लिहिण्यापेक्षा जो अर्थ असेल त्याप्रमाणे ‘न विचारता नेले’ किंवा ‘विचारले, पण नेले नाही’ असे लिहिणे सुरक्षित.

प्रश्नही असाच वागतो. ‘तुम्ही जेवून आलात का?’ असे दारात विचारणाऱ्याला पाहुणा आला आहे हे दिसतच असते. प्रश्न जेवणाचा असतो. मनाईचा नमुना रस्त्यावरच्या फलकावर भेटतो: ‘दारू पिऊन गाडी चालवू नका.’ हे वाक्य गाडी चालवायला मनाई करत नाही, दारूलाही करत नाही. ते पहिल्या स्थितीत दुसरी क्रिया करायला मनाई करते. ‘दारू पिऊ नका आणि गाडी चालवू नका’ असे लिहिले तर दोन स्वतंत्र बंद्या होतील आणि फलकाचा अर्थच बिघडेल. क्रम उलटला, ‘गाडी चालवून दारू पिऊ नका’ असा केला, तर मनाई दिवसभर गाडी चालवणाऱ्याच्या संध्याकाळवर येईल. ‘आणि’ने जोडलेल्या वाक्यांत अशी घट्ट बांधणी होत नाही.

‘ऊन’ असलेली प्रत्येक जोडी म्हणजे दोन क्रियांची साखळी असेलच असे नाही. ‘लिहून ठेव’, ‘वाचून काढ’, ‘देऊन टाक’ यांत काम एकच आहे. ‘ठेव’, ‘काढ’, ‘टाक’ यांचा मूळ अर्थ झिजला आहे आणि काम पुढच्यासाठी करून ठेवणे, शेवटास नेणे, हातावेगळे करणे अशा छटा उरल्या आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे: मध्ये ‘मग’ घालून पाहावे. ‘जेवून मग जा’ बरोबर वाटते, म्हणजे क्रिया दोन. ‘पैसे देऊन मग टाक’ अर्थहीन होते, म्हणजे क्रिया एक. काही रूपे तर क्रियापदाचे घर सोडून गेली आहेत. ‘चुकून’, ‘मिळून’, ‘हटकून’ ही क्रियाविशेषणे झाली. ‘म्हणून’ तर उभयान्वयी अव्यय झाले: ‘पाऊस होता म्हणून उशीर झाला’ यात कोणी काही म्हणत नाही. ‘घरातून’, ‘वरून’ यांतला ‘ऊन’ मात्र पंचमी विभक्तीचा आहे. तो काढला तर मागे धातू उरत नाही.

ही घडण एकट्या मराठीची नाही. हिंदीत ‘जाकर’, गुजरातीत ‘जईने’, कोकणीत ‘वचून’, कन्नडमध्ये ‘होगि’ अशी रूपे हेच काम करतात, आणि कन्नड तर वेगळ्या, द्राविड कुळातली भाषा आहे. भाषावैज्ञानिक कॉलिन मसिका यांनी 1976 च्या ‘डिफायनिंग अ लिंग्विस्टिक एरिया’ या ग्रंथात कुळांच्या सीमा ओलांडून दक्षिण आशियात पसरलेल्या ज्या भाषिक लक्षणांचा नकाशा मांडला, त्यांत हे एक आहे.

साखळी किती लांब करावी याला व्याकरणाने मर्यादा घातलेली नाही, ती श्रोत्याच्या स्मरणाने घातली आहे. ‘आजोबा पहाटे उठून, आंघोळ करून, देवपूजा उरकून, चहा घेऊन, पिशवी उचलून, बसस्टॉपवर जाऊन, पहिली गाडी पकडून तालुक्याला गेले’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण सात ‘ऊन’ ओलांडेपर्यंत आजोबा मागे राहतात, आणि सगळ्या क्रिया सारख्याच वजनाच्या वाटू लागतात. अशा वेळी कडी तोडण्याची जागा शोधावी लागते. जिथे स्थळ बदलते किंवा कामाचा एक गट पुरा होतो, तिथे पूर्ण क्रियापद द्यावे: ‘आजोबा पहाटे उठले. आंघोळ आणि देवपूजा उरकून त्यांनी चहा घेतला, आणि पिशवी उचलून बसस्टॉपवर गेले. पहिलीच गाडी पकडून ते तालुक्याला पोहोचले.’ क्रिया जवळपास तेवढ्याच राहिल्या, ‘ऊन’ मात्र सातांवरून तीनवर आले. ‘घेतला’साठी ‘त्यांनी’ आले, तर ‘पोहोचले’साठी ‘ते’. आणि घरातली सकाळ, बसस्टॉपची वाट आणि प्रवास असे तीन टप्पे वेगवेगळे दिसू लागले.